पाइक हार्बरचं एकतिसावं पान

डानिका चारबोनो आमच्या ऑफिसात आली तेव्हा मी तिला मनापासून आवडून घ्यायचं ठरवलं होतं. ते जेमतेम तीन आठवडे टिकलं.

मी रायली पेल्टोला. थंडर बे या सरोवरकाठच्या गावात हाक्काला मरीन नावाची कंपनी आहे, तिथे बावीस वर्षं टेंडरं वाचते. सरोवराच्या तळाशी पाइप टाकणं, धक्के बांधणं, गाळ काढणं, असली आमची कामं. गावोगावच्या नगरपालिका टेंडर काढतात, दीडशे-दोनशे पानांचं. ते सगळं आमच्यातलं कोणी वाचत नाही. मालक आर्वो हाक्काला, त्यांची मुलगी टीना, जी बँक आणि हमीपत्रं बघते, आणि पाण्यावरच्या माणसांचा मुकादम वेन्डल, या तिघांची समिती सोमवारी सकाळी साडेसहाला बसते. पावणेसातला उठते, कारण सातला वेन्डलला धक्क्यावर असावं लागतं. त्या पंधरा मिनिटांत त्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात. आपण पात्र आहोत का, कोणत्या तारखा पाळायच्या, आणि बोलीबरोबर काय काय जोडायचं. एवढं सांगणं हे माझं काम. सांगायचं म्हणजे वाचून दाखवायचं. त्या पंधरा मिनिटांत खोलीत फक्त माझा आवाज असायचा.

माझा गोषवारा नऊ पानांचा असायचा. कधी अकरा. टेंडरात ज्या क्रमाने गोष्टी येतात त्याच क्रमाने मी लिहायची, आणि कडेला रंगीत चिठ्ठ्या लावायची. एकदा हमीदाराच्या संमतिपत्रावर मूळ शिक्का लागतो, छायाप्रत चालत नाही, हे मी शेवटच्या दिवशी पकडलं होतं. त्या टेंडराला चौदा बोली आल्या होत्या, त्यातल्या पाच त्या एका शिक्क्यावरून बाद झाल्या. आमची राहिली आणि काम आम्हाला मिळालं. आर्वोंनी तेव्हा मला दुकानातल्या सगळ्या पर्शियन, म्हणजे गुलाबी साखरेचा थर दिलेल्या आमच्या गावच्या गोड पावरोट्या, विकत आणून दिल्या होत्या. मी त्या तीन दिवस खात होते.

तर डानिका. वय एकोणतीस, सडबरीकडची, केस आखूड. पहिल्या महिन्यात तिला किरकोळ टेंडरं दिली. एका सोमवारी तिने समितीपुढे एकच पान ठेवलं. एकच. वर तीन चौकटी: आपण बसतो का, केव्हा, काय जोडायचं. प्रत्येक ओळीपुढे मूळ कागदाचा पान क्रमांक. ज्या अटीत आपण काठावर आहोत तिच्यापुढे लाल ठिपका. आर्वोंनी चष्मा न लावता, उभ्या उभ्या, हातात कॉफी धरून ते वाचलं.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं," डानिका म्हणाली.

"आयुष्यातली किती वर्षं गेली माझी," वेन्डल हसून म्हणाला. "मला वाटायचं, टेंडर म्हणजे चर्चमधलं प्रवचन. संपेपर्यंत बसायचंच."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण हसले. वेन्डलला मी बावीस वर्षं ओळखते, त्याच्या दोन्ही मुलांच्या लग्नात मी केक नेले आहेत, आणि तो मला प्रवचन म्हणाला. घरी जाऊन मी तिचं ते पान पुन्हा काढलं. एखादी तरी चूक सापडावी म्हणून मूळ टेंडराशी ओळ न् ओळ ताडून पाहिलं. काही नव्हतं. पान क्रमांकसुद्धा बरोबर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

हिवाळाभर हे असंच चाललं. मोठी टेंडरं माझ्याकडे, छोटी तिच्याकडे, पण माझी नऊ पानं वाचताना आर्वो आता घड्याळाकडे बघायला लागले. टीना मधूनच विचारायची, "रायली, थोडक्यात?" पूर्वी तिने असं कधी विचारलं नव्हतं. आणि डानिका होती स्वभावाने गोड, हे तर मला अजिबात सहन होत नव्हतं. ती मला येऊन विचारायची, "रायली, हे कलम तुम्ही कसं वाचता?" मी सांगायची. मग तेच ती एका ओळीत लिहायची आणि सोमवारी सगळे म्हणायचे, वा.

मार्चच्या शेवटी पाइक हार्बरचं टेंडर निघालं. पाइक हार्बर हे किनाऱ्याने वर दीड तासावरचं गाव. त्यांची पिण्याच्या पाण्याची जुनी नळवाहिनी सरोवराच्या तळाशी फुटायला आली होती, ती बदलायची. दोनशे एकतीस पानं, नकाशे वेगळे. आमच्यासाठी त्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम. ते मिळालं तर उन्हाळाभर कोणाला घरी बसवावं लागणार नव्हतं.

आर्वोंनी आम्हा दोघींना बोलावलं. "हे डानिका करेल," ते म्हणाले. "रायली, तू हमीपत्रांचं बघ, टीनाबरोबर. आणि एक सांगतो, दोघींनाही सांगतो. उन्हाळ्यानंतर टेंडराच्या टेबलावर एकच माणूस राहील. एका कामाला दोघी कशाला? दुसरीला मी गोदामाच्या नोंदींकडे घेईन. पगार तोच. पाइक हार्बर कसं जातं बघू, मग ठरवू."

गोदाम म्हणजे विमानतळापलीकडची पत्र्याची शेड. तिथे नटबोल्ट मोजतात.  बाहेर आल्यावर डानिका म्हणाली, "मला हे माहीत नव्हतं, रायली. खरंच." मी म्हटलं, "मग आता कळलं." आणि माझ्या टेबलावर जाऊन बसले.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी तिने पाइक हार्बरचं पान वाचलं. एकच पान, दोन्ही बाजूंनी. मी खुर्चीत बसून ऐकत होते, ज्या खुर्चीत पूर्वी कोणीच बसत नसे, कारण मी उभी राहून वाचायची.

"पात्रता," डानिका म्हणाली. "एक. पाण्याखालच्या नळवाहिनीची तीन कामं, गेल्या दहा वर्षांत पुरी झालेली, बोली लावणाऱ्याने स्वतः केलेली. पान एकतीस. आपली चार आहेत. दोन. सुरक्षेचं प्रमाणपत्र, बोली उघडायच्या दिवशी चालू असलेलं. आपलं सप्टेंबरपर्यंत आहे. तीन. जागेवरची भेट सक्तीची. येत्या गुरुवारी दहाला. हजेरीच्या कागदावर कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं. वेन्डल, तुम्ही जाणार ना? नुसतं 'हाक्काला' लिहून येऊ नका."

"मग काय लिहू? माझी जन्मतारीख?"

"हाक्काला मरीन कन्स्ट्रक्शन लिमिटेड. मी तळहातावर लिहून देते."

वेन्डलने खरंच तळहात पुढे केला. टीना खिदळली. आर्वो म्हणाले, "शाब्बास पोरी." मला तिथे बसवेना. कॉफीचं भांडं रिकामं होतं, ते उचलून मी बाहेर गेले. पाणी भरलं, कॉफी घातली, आणि ती गाळून होईपर्यंत खिडकीशी उभी राहिले. गाळून झाली तरी उभी राहिले. बंदरात अजून बर्फ होता, करड्या रंगाचा. आतून हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ हलक्या आवाजातलं बोलणं. मी मनात म्हटलं, चालू द्या. परत आले तेव्हा ती तारखांवर पोचली होती. प्रश्न विचारायची मुदत बुधवार सोळा एप्रिल, संध्याकाळी चार. बोली मंगळवार एकोणतीस एप्रिल, दुपारी दोनच्या आत, पोर्टलवर. एक सेकंद उशीर झाला तरी पोर्टल घेत नाही.

मी माझ्या कपात कॉफी ओतत होते तेव्हा आर्वोंना माझा चेहरा दिसला असावा. "रायली, बरी आहेस ना?" ते म्हणाले. मी म्हटलं, "ठणठणीत."

त्या शनिवारी मी पाइक हार्बरचं टेंडर घरी नेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि सकाळपासून वाचायला बसले. बहिणीने संध्याकाळी साउनाला, वाफेच्या अंघोळीला, बोलावलं होतं, तिला म्हटलं डोकं दुखतंय. कशासाठी वाचत होते ते मला स्वच्छ माहीत होतं. डानिकाचं पान डाव्या हाताला, टेंडर उजव्या हाताला. चूक हवी होती मला. एक, फक्त एक.

रविवारी दुपारी सापडली. पान एकशे शहात्तर, तिसरं परिशिष्ट, अनुभवाचा तक्ता भरायच्या सूचना. तिथे लिहिलं होतं, तीन कामं 'बोली लावणाऱ्याने किंवा त्याने नाव दिलेल्या उपकंत्राटदाराने' केलेली असावीत. आणि पान एकतीस म्हणतं, 'बोली लावणाऱ्याने स्वतः'. दोन पानं, दोन वेगळ्या गोष्टी. आणि डानिकाच्या पानावर फक्त एकतीस.

मला इतका आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारल्या. एका पानात सगळं बसवायला जाते ना, मग हे असं होतं. नऊ पानांत हे सुटलं नसतं.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अशी दोन पानं भांडली की काय करायचं, हे प्रत्येक टेंडरात लिहिलेलं असतं. सुरुवातीलाच एक यादी असते, कागदांची उतरंड. कोणता कागद कोणाच्या वर. त्यांच्यात फरक आढळला तर वरचा खरा. पाइक हार्बरच्या टेंडरात ती बाराव्या पानावर होती. बावीस वर्षं मी नवीन माणसांना पहिली गोष्ट हीच शिकवली, डानिकालासुद्धा, की विसंगती दिसली रे दिसली की आधी उतरंड बघ. त्या रविवारी मी बारावं पान उघडलं नाही. मला ती विसंगती हवी होती, तिचं उत्तर नको होतं.

सोमवारी मी डानिकाला सांगू शकले असते. तिचं टेबल माझ्यापासून आठ पावलांवर. पण मग ती म्हणाली असती, "अरे हो, थँक्यू रायली," आणि पानावर अर्धी ओळ वाढवली असती, आणि पुन्हा वा. समितीपुढे मी बोलले असते तर ते माझं म्हणणं विरुद्ध तिचं म्हणणं, आणि त्या खोलीत कोणाचं म्हणणं चालतं ते मी पाहत होते. मला ते गावाकडून लेखी हवं होतं. शुद्धिपत्रक. टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "हे पाहा, पात्रतेची पहिलीच अट अर्धी वाचली होती." मी ते वाक्य गाडी चालवताना म्हणून पाहिलं होतं. आवाज कसा ठेवायचा तेही ठरवलं होतं. शांत, जरा वाईट वाटल्यासारखा.

बुधवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, मुदतीला चाळीस मिनिटं असताना, मी पोर्टलवर गेले आणि प्रश्न टाकला. 'पृष्ठ ३१ आणि पृष्ठ १७६ यांत पूर्वानुभवाच्या अटीत फरक आहे. कृपया खुलासा करावा.' प्रश्न कोणी विचारला ते गाव कधी सांगत नाही. उत्तर मात्र टेंडर घेतलेल्या सगळ्यांना जातं, एकाच वेळी, सारखं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी फक्त एकच वाचक होती.

पुढच्या मंगळवारी शुद्धिपत्रक क्रमांक तीन आलं. मी ते डानिकाच्या आधी उघडलं. 'पृष्ठ ३१ वरील अट रद्द. त्याऐवजी वाचावे: बोली लावणाऱ्याने किंवा त्याने नाव दिलेल्या उपकंत्राटदाराने.'  मी बरोबर होते. लेखी. गावाच्या शिक्क्यासकट.

मी मुद्दाम तिच्या टेबलाशी गेले. "पाहिलंस का?" मी विचारलं.

डानिका पडद्याकडे बघत बसली होती. तिने मान हलवली. चेहरा उतरलेला होता, आणि मला खोटं बोलायचं नाही, मला बरं वाटलं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतल्या खोलीचं दार आदळलं. आर्वो हातात छापलेला कागद घेऊन बाहेर आले.

"कोण गाढव आहे हे?" ते म्हणाले. "कोणाला खाज सुटली विचारायची?"

"काय झालं?" मी म्हटलं.

"काय झालं! ग्रँजर आत आले, हे झालं. सडबरीच्या ग्रँजर कंपनीकडे स्वतःची तीन कामं नाहीत, एकच आहे. बाकीची ते पाणबुडे पुरवणाऱ्या कंपनीकडून करून घेतात. बाराव्या पानावरच्या उतरंडीत एकतिसावं पान वर आहे, परिशिष्ट खाली. म्हणजे ग्रँजर बाहेर होते. म्हणजे आपण आणि विनिपेगचे ते एक, बस. म्हणून तर ठरलं होतं ना, त्या पानाला हात लावायचा नाही. कोणी विचारलं नसतं तर गाव आपल्या उतरंडीने चाललं असतं. आता विचारलं म्हटल्यावर त्यांनी सोपा रस्ता धरला. जास्त बोली येतील तेवढ्या त्यांना हव्यातच की."

"कधी ठरलं होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच सोमवारी. डानिकाने सांगितलं ना सगळं, दोन्ही पानं दाखवली, उतरंड दाखवली. कागदावर लिहायचं नाही, तोंडीच ठेवायचं, असं आपणच म्हटलं." ते थांबले. "हां. तू कॉफी करत होतीस."

मी परत आठ पावलं चालत माझ्या खुर्चीवर येऊन बसले. आधी बारावं पान उघडलं. होतं. पूरक अटी, मग मुख्य अटी, मग तांत्रिक विवरण, शेवटी परिशिष्टं. एकतिसावं पान पूरक अटींतलं. डानिकाने ते कलम एका ओळीत लिहिलं होतं कारण ते एका ओळीचंच होतं.

त्या क्षणी उठून सांगायला हवं होतं. उठले नाही. पोर्टल नाव सांगत नाही, हा एकच विचार मी धरून बसले. पुढचा आठवडाभर ऑफिसात सगळे त्या अनोळखी गाढवाला शिव्या देत होते आणि मी मान डोलावत होते. वेन्डल म्हणाला, "ग्रँजरचंच कोणी असणार. सडबरीवाले म्हणजे आधीच." मी म्हटलं, "असेल." डानिका सडबरीकडची होती, तीही काही बोलली नाही.

एकोणतीस तारखेला बोली गेली. टीनाच्या डिजिटल हमीपत्रापासून हजेरीच्या नावापर्यंत सगळं चोख. तिन्ही शुद्धिपत्रकं मिळाल्याची खूण बोलीच्या अर्जावर डानिकाने स्वतः केली. एक जरी राहिली असती तर बोली बाद. दोन वाजून दहा मिनिटांनी पोर्टलवर आकडे आले. सगळ्यात कमी ग्रँजर. दुसरे आम्ही, अगदी थोड्याने.

त्यानंतरच्या सोमवारी समिती बसली तेव्हा पर्शियन कोणी आणल्या नव्हत्या. वेन्डल भिंतीला टेकून उभा होता. त्याला सहा माणसांना सांगायचं होतं की जूनमध्ये येऊ नका.

"मी कोणाला दोष देत नाही," टीना म्हणाली. लोक असं म्हणतात तेव्हा पुढे दोषच येतो. "पण आपण एका कलमावर विसंबलो. लिहून ठेवलं असतं, नीट चर्चा केली असती, तर कोणीतरी म्हटलं असतं की हे टिकणार नाही, कोणीतरी विचारणारच."

"एका पानात काय काय मावणार," वेन्डल म्हणाला. तोच वेन्डल.

डानिका टेबलाकडे बघत होती. "माझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, कोणी विचारणार नाही."

आर्वोंनी डोळे चोळले. त्या दिवशी ते म्हातारे दिसत होते. "पुढच्या सोमवारपासून रायली वाचेल," ते म्हणाले. "नऊ तर नऊ पानं. डानिका, गोदामाचं आपण नंतर बोलू."

मिळालं मला. जे हवं होतं ते अगदी हवं तसं, शिवाय मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. खोलीतून बाहेर पडताना टीनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

छपाईच्या यंत्रापाशी डानिका माझी वाट बघत होती. दुसरं कोणी नव्हतं.

"पोर्टलवर प्रश्न टाकला की पोच येते," ती हळू आवाजात म्हणाली. "कंपनीच्या मुख्य पत्त्यावर. तो पत्ता जानेवारीपासून माझ्याकडे आहे. बुधवार, तीन वाजून बावीस मिनिटं. खाली तुमचं नाव होतं."

माझ्या हातातली पानं मी यंत्रावर ठेवली. "मग?"

"मला गुरुवारी दिसलं. मी पाइक हार्बरला फोन केला. म्हटलं, प्रश्न मागे घ्यायचाय. ते म्हणाले, एकदा आला की आला."

"सांगितलं का नाहीस? तिथे, आत?"

तिने खांदे उडवले. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. मग आज कळलं की नाही सांगणार. तुमची बावीस वर्षं आहेत इथे, रायली. माझे सात महिने. मला दुसरीकडे मिळेल काम. तुम्हाला या गावात कुठे मिळणार?" हे ती टोमणा मारायला म्हणत नव्हती. तसं असतं तर मला सोसलं असतं. "आणि उतरंड बघायला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही नाही बघितलीत म्हणजे तुम्ही तेव्हा तुम्ही नव्हतात."

ती गेली. मी तिथेच उभी राहिले, आणि मला शरम वाटायला हवी होती ती वाटलीच, पण तिच्याही खालून जे वर आलं ते जुनंच होतं. हेवा. माझं काम घेतलंस, माझी जागा घेतलीस, वेन्डलचं हसू घेतलंस, आणि आता ही गप्प बसण्याची मोठी गोष्टही तूच करायची? मला जी जमली नाही ती? आठवडाभर मला हेच कुरतडत राहिलं. एका रात्री बहीण साउनात म्हणाली, "तुझं काम परत मिळालं ना, मग तोंड का असं?" मी तिला सांगू शकले नाही की त्या पोरीने मला ते दान दिलंय आणि ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

सोमवारी साडेसहाला मी उभी राहिले. नवीन टेंडर निपिगनकडच्या एका धक्क्याचं, माझी नऊ पानं, रंगीत चिठ्ठ्या. डानिका माझ्या जुन्या खुर्चीत. आर्वोंनी चष्मा लावला होता. टीनाने घड्याळ काढून पालथं ठेवलं होतं, माझ्या मानासाठी. मी वाचायला लागले. पहिलं पान झालं. दुसरं झालं. खोलीत फक्त माझा आवाज होता आणि मी त्याच्यासाठी हिवाळाभर तडफडले होते. चौथ्या पानावर तारखा आल्या.

"प्रश्न विचारण्याची मुदत," मी वाचलं, आणि डानिकाकडे पाहिलं. ती कुठेच बघत नव्हती. नुसती बसली होती, माझ्यासाठी जागा करून.

"पाइक हार्बरचा प्रश्न मी विचारला होता," मी म्हटलं.

 वेन्डल भिंतीपासून सुटला आणि पुन्हा टेकला.

"डानिकाला खोटं पाडायचं होतं. बारावं पान बघितलं नाही. तिला माहीत होतं, पोच तिच्याकडे आली होती. तिने सांगितलं नाही."

हे मी चांगुलपणाने बोलले असं कोणाला वाटायला नको. डानिकाच्या डोळ्यांत मला त्या वेळी पाणी दिसलं, आणि तिला वाटलं असेल की रायलीला शेवटी उपरती झाली. तसं काही नव्हतं. ती माझ्याहून मोठी ठरत होती आणि ते मला बघवत नव्हतं, एवढंच. सहा माणसांच्या जूनचंही मला तेव्हा आठवलं नाही. ते नंतर आठवलं, वेन्डलकडे पाहिल्यावर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

 आर्वोंनी टीनाचं पालथं घड्याळ सरळ केलं.

"सात मिनिटं राहिली," ते म्हणाले. "डानिका, वाच."

"माझ्याकडे पान नाहीये," डानिका म्हणाली. "मी हे टेंडर बघितलंच नाही."

"रायलीचं घे."

मी नऊ पानं तिच्या हातात दिली आणि बसले. तिने ती भराभर उलटली, चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं, आणि माझ्याच कागदातल्या अकरा ओळी निवडून मोठ्याने वाचल्या. पात्रता, तारखा, जोडायचे कागद. सात मिनिटांत सगळं झालं आणि वेन्डल वेळेत धक्क्यावर गेला. मी मात्र मूळ टेंडर मांडीवर उघडून तिची प्रत्येक ओळ ताडून पाहत होते. काही सुटलं नव्हतं.